एक उपटला की दहा उगवतात?

चोविसाव्या वर्षी कानशिलाजवळ पहिला पांढरा केस दिसतो, हात चिमट्याकडे जातो आणि घरातलं कुणीतरी ओरडतं, "उपटू नकोस, एकाचे दहा होतील!"

होत नाहीत. प्रत्येक केसाचं मूळ स्वतंत्र असतं आणि त्यात रंग भरणाऱ्या पेशीही ज्याच्या त्याच्या. एका मुळातला रंग संपला म्हणून शेजारच्या मुळाचा संपत नाही. तरी हा समज टिकला, कारण उपटलेला केस पुन्हा वर यायला बरेच आठवडे, कधी महिने लागतात. तोवर आणखी चार केस आपापल्या गतीने पिकलेले असतात. शिवाय नवा केस आखूड आणि ताठ, त्यामुळे तोच आधी डोळ्यांत भरतो. अर्थात उपटून फायदाही नाही, येणारा केस पांढराच असतो. पुन्हा पुन्हा उपटलं तर मुळाशी पुळी येते, कधी तिथला केस कायमचा जातो. फारच खुपत असेल तर कात्रीने कापावा.

पंचविशीच्या आत केस पिकू लागले तर आपल्याकडे डॉक्टर त्याला अकाली म्हणतात. कारण बहुतेकदा जुन्या फोटोंच्या अल्बममध्ये सापडतं: वडील, मामा, आजी कधी पिकले ते पाहावं. आनुवंशिकतेपुढे तेलं आणि आवळे फारसे चालत नाहीत.

"ब-१२ घे, काळे होतील" हे मात्र अर्धं खरं आहे. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मांस-मासे यांतून मिळतं, भाजी-भाकरीतून नाही. समजा, दूधही न घेणाऱ्या एका शाकाहारी तरुणाचं ब-१२ १३० पिकोग्रॅम आलं. बऱ्याच लॅबमध्ये खालची मर्यादा २००च्या आसपास असते. त्याच्या पायांना मुंग्याही येतात. उपचार तर करायलाच हवेत, केसांसाठी नाही तरी नसांसाठी. केसांचं काय झालं ते लगेच कळत नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून तीन-चार महिन्यांनी तोच केस नीट पाहायचा. टोक पांढरं आणि मूळ काळं दिसलं तर बहुधा कमतरताच कारण होती. मुळापासून पांढराच राहिला तर कारण बहुधा घराण्यातलं.

सिगारेटचा संबंधही नुसती भीती घालण्यापुरता नाही. जॉर्डनमधल्या २०१३च्या एका अभ्यासात तिशीआधी केस पिकण्याचं प्रमाण धूम्रपान करणाऱ्यांत सुमारे अडीच पट आढळलं. याने सिगारेटच कारण ठरली असं होत नाही, आणि ती सोडल्यावर पिकलेले केस काळे होतील असंही नाही.

तपासणीत ब-१२ सोबत थायरॉइडही पाहतात. मेडिकलमधून आणलेल्या बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना सांगा. जास्त मात्रेतल्या बायोटिनमुळे थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो.