चार ओळींची माघार

पुण्यातल्या आयटी कंपन्यांत तीन महिन्यांचा नोटीस पीरियड सर्रास दिसतो. त्या काळात उमेदवार आणखी दोन-तीन ठिकाणी मुलाखती देतो आणि एक ऑफर स्वीकारली की बाकीच्यांचे फोन उचलणंच बंद करतो. तिकडे एचआरने त्याच्यासाठी पुढची फेरी ठरवलेली असते.

खरं तर एवढा मेल पुरतो: ‘नमस्कार. मी दुसरीकडची ऑफर स्वीकारली आहे, त्यामुळे या पदाच्या निवड प्रक्रियेतून माघार घेत आहे. गुरुवारची मुलाखत कृपया रद्द करावी. आपण दिलेल्या वेळेबद्दल आभार.’

नव्या कंपनीचं नाव किंवा पगार लिहू नये. आकडा दिसला की घासाघीस सुरू होते. आणि तोंडी होकारावर विसंबून घाई नको. ऑफर लेटर हाती आल्यावरच हा मेल पाठवावा.