पडलेला फोन आणि हरवलेलं सिम

फोन पडतो, उचलून पाहावं तर काच शाबूत, फोन चालू आणि वर मात्र ‘No SIM’. असा फोन हातात आला की बहुतेक जण ट्रे बाहेर काढतात, सिम शर्टाला पुसतात आणि पुन्हा जोरात आत ढकलतात. दुरुस्तीच्या टेबलावर येणारे असे फोन पाहिले की वाईट वाटतं. पडल्याने जेवढं नुकसान झालेलं नसतं, तेवढं पुष्कळदा या ढकलण्याने झालेलं असतं.

आधी स्क्रीनवर नेमकं काय दिसतंय ते नीट वाचावं. ‘No Service’ दिसत असेल, तर फोनने सिम ओळखलंय, पण नेटवर्क मिळत नाही. दोष रेंजचा किंवा अँटेनाचा असू शकतो. ‘No SIM’ म्हणजे फोनचं आणि कार्डाचं बोलणंच झालेलं नाही. फोन चालू होताना सिमला वीज देतो, ठोके देतो आणि रिसेटचा इशारा करतो. मग कार्डातली चिप आपली ओळख सांगणारं उत्तर पाठवते. ते आलं नाही, तर आत कार्ड असूनही फोनच्या लेखी ते नसतं.

हे बोलणं सिमच्या सोनेरी पट्ट्यांना टेकणाऱ्या बारीक पिनांमधून होतं. वीज, अर्थिंग, रिसेट, ठोके आणि माहिती यांची प्रत्येकी एक पिन असते. साध्या कॉलला या पाच पुरतात. सहावी पट्टी वेगळ्या कामाची असते. पण पाचांपैकी एक जरी टेकली नाही, तरी कार्ड मुकं होतं. या पिना म्हणजे पातळ पत्र्याच्या वाकवलेल्या स्प्रिंगा. वरून कार्डाचा दाब आला की त्या जरा खाली बसतात आणि पट्टीला घट्ट चिकटून राहतात. नॅनो सिम 12.3 बाय 8.8 मिलिमीटरचं आणि जेमतेम 0.67 मिलिमीटर जाड असतं. इतक्या लहान जागेत ट्रे थोडा वर राहिला, तरी दाब कमी पडतो.

म्हणून पहिला संशय ट्रेवर घ्यावा. फोन बंद करा, पिन सरळ धरून ट्रे काढा आणि काचेवर किंवा सपाट फरशीवर ठेवून पाहा. धातूचा ट्रे कडेच्या धक्क्याने वाकतो, प्लॅस्टिकच्या ट्रेला चीर जाते. सिमचा कापलेला कोपरा ट्रेच्या खाचेतल्या कोपऱ्याशी जुळला पाहिजे आणि सिम कडांच्या वर अजिबात येता कामा नये. ट्रे आत सरकवताना शेवटी तो फोनच्या कडेशी सपाट बसतो. बऱ्याच फोनमध्ये ट्रे पूर्ण आत आल्यावर एक लहानसा स्विच दाबला जातो आणि त्यावरूनच फोनला कळतं की कार्ड आलं. ट्रेचं तोंड कडेपासून केसभर बाहेर राहिलं, तर तो स्विच दाबला जात नाही. दुसऱ्या मॉडेलचा ‘जवळजवळ बसतो’ असा ट्रे म्हणूनच घेऊ नये.

दुसरा संशय मळावर. घाम, हळद-तेलाचे हात, कव्हरमधली धूळ यांचा थर सिमच्या पट्ट्यांवर बसतो. आधीच जेमतेम टेकलेली पिन पडल्यावर जरा हलते आणि मळलेल्या जागी येते. स्वच्छ, धागे न सुटणाऱ्या कापडावर थेंबभर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पट्ट्या हलक्या हाताने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्याने प्लॅस्टिक विरघळतं. खोडरबराने घासण्याची सवय अनेकांना आहे. मी ती टाळतो, कारण सोन्याचा थर अत्यंत पातळ असतो आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये जातो. स्लॉटमध्ये फुंकरही मारू नका, तोंडातली ओल पिनांवर बसते. कापूस गुंडाळलेली काडी तर मुळीच घालू नका. तिचा धागा पिनेच्या टोकात अडकतो आणि काडी ओढली की पिन उचकटते.

आता एक फोन सविस्तर सांगतो, कारण त्यात सगळी वाट दिसते. दोन सिमचा फोन जिन्यावरून कडेवर पडला होता. पहिलं सिम गायब, दुसरं चालू. गिऱ्हाईकाने कंपनीच्या गॅलरीतून सिम बदलून आणलं, तरी फरक नव्हता. आधी दोन्ही कार्डं ट्रेमध्ये अदलाबदल करून पाहिली. बदलून आणलेलं कार्ड दुसऱ्या खाचेत लगेच चालू झालं आणि दुसरं, चांगलं कार्ड पहिल्या खाचेत गायब झालं. म्हणजे कार्ड निर्दोष, दोष पहिल्या खाचेचा. फोनमध्ये दुसरं सिम चालत होतं, त्यामुळे नेटवर्कचा भाग ठीक असणार हेही कळलं. ट्रे काचेवर ठेवला, तर पहिल्या खाचेची कड आत दबलेली. तिच्यामुळे सिम तिरकं बसत होतं.

ट्रे बदलला, तरी सिम आलं नाही. मग टॉर्च तिरका धरून भिंगातून स्लॉटमध्ये पाहिलं. एका ओळीच्या तीन पिना सारख्या उंचीच्या होत्या, पण शेजारच्या ओळीतली एक मागे दुमडून प्लॅस्टिकवर पडली होती. वाकड्या ट्रेतलं तिरकं सिम जोरात ढकलताना कार्डाच्या कडेने तिला मागे लोटलं होतं. फोन उघडून, बॅटरी सोडून, मायक्रोस्कोपखाली चिमट्याच्या टोकाने ती उभी केली. पहिलं सिम दिसू लागलं. पण गिऱ्हाईकाला मी सांगितलं की ही पिन एकदा मोडून सरळ झालेली आहे. तिचा ताण कमी झालाय, पुन्हा वाकली तर बहुधा तुटेल. पक्की दुरुस्ती हवी असेल, तर स्लॉटच बदलावा लागेल.

स्लॉट बदलण्याचा खर्च मॉडेलवर ठरतो. काही फोनमध्ये तो वेगळ्या छोट्या बोर्डावर असतो. ते बोर्ड काढून नवं लावलं की झालं. अनेक फोनमध्ये मात्र तो मुख्य बोर्डावरच टाकलेला असतो. तिथे गरम हवेने सोडवताना शेजारचे भाग जपावे लागतात, म्हणून मजुरी जास्त. आणि प्रत्येक दोष स्लॉटचा नसतो. दोन्ही सिम गायब असतील, कार्डं दुसऱ्या फोनमध्ये चालत असतील आणि ट्रे-पिना ठीक दिसत असतील, तर डायल पॅडवर *#06# टाइप करा. आयएमईआय नंबर आलाच नाही, तर दोष बोर्डावरच्या नेटवर्कच्या भागात शोधावा लागतो. सिमची साफसफाई करत बसण्यात अर्थ नाही. नंबर आला, म्हणजे बोर्ड नक्की ठीक, असं मात्र नाही. फोनची कड दाबली की सिम येतं आणि सोडली की जातं, असं होत असेल, तर कुठेतरी टेकण सैल झालंय.

सिम बदलून आणण्याआधी कार्ड दुसऱ्या फोनमध्ये नक्की घालून पाहा. सिम बदलल्यावर सुरक्षेसाठी 24 तास एसएमएस बंद राहतात, म्हणजे त्या काळात बँकेचा ओटीपीही येत नाही. ट्रे अडकला असेल तर पक्कड लावून ओढू नका. ओढताना पिना एकाच वेळी उपटतात. फोन दुकानात द्याल तेव्हा तो कुठल्या कडेवर पडला आणि त्यानंतर तुम्ही ट्रे किती वेळा घातला-काढला, ते खरं सांगा. आणि बोर्ड बदलायला पैसे मोजण्याआधी तुमच्यासमोर भिंगाखाली पिना दाखवायला सांगा. चांगला कारागीर त्यासाठी नाही म्हणत नाही.