पासवर्ड बदलला आणि प्लग रुसला

ठाण्यातल्या एका घरी पाहुण्यांमार्फत वाय-फायचा पासवर्ड बराच पसरला होता, म्हणून तो बदलला. मोबाइल आणि टीव्हीवर नवा पासवर्ड टाकला. दुसऱ्या दिवशी लक्षात आले की गिझरचा स्मार्ट प्लग आणि बैठकीतला बल्ब, दोन्ही ॲपमध्ये Offline दिसत आहेत. प्लगवरचे बटण दाबले की गिझर मात्र चालू होत होता.

म्हणजे प्लग बिघडला नव्हता. पहिल्यांदा जोडताना दिलेले वाय-फायचे नाव आणि पासवर्ड तो आपल्या स्मरणात साठवतो आणि त्याच जुन्या पासवर्डने राऊटरचे दार ठोठावत राहतो. त्याला पडदा नाही, कळपाट्या नाहीत. नवा पासवर्ड टाकणार कुठे? बंद-चालू करूनही काही होत नाही, कारण वीज गेली तरी ही नोंद पुसली जात नाही.

ती पुसायची तर रीसेट करावे लागते. या घरच्या प्लगचे बटण पाचेक सेकंद दाबून धरल्यावर त्याचा दिवा भराभर लुकलुकू लागला. नव्याने जोडायला तयार असल्याची ती खूण. बल्बला बटण नसते. तो भिंतीवरच्या स्विचने लागोपाठ ठरावीक वेळा, बहुतेकदा तीन ते पाच, बंद-चालू करायचा. नेमका आकडा माहितीपत्रकात पाहावा. (वीज पटापट ये-जा करू लागली की काही बल्ब आपोआपही लुकलुकू लागतात, ते याच कारणाने.) रीसेटआधी ॲपमधून प्लग काढून टाकण्याची घाई करू नये. अनेक ॲपमध्ये त्याच खात्यातून पुन्हा जोडल्यास जुने नाव आणि वेळापत्रक टिकते; काढून टाकले की तेही जाते.

बल्ब लगेच जोडला गेला, प्लग मात्र अर्ध्यावर अडकत राहिला. पासवर्ड पुन्हा पुन्हा तपासला, तो बरोबरच होता. अडचण बँडची होती. असे बहुतेक स्वस्त प्लग आणि बल्ब फक्त २.४ गिगाहर्ट्झवर बोलतात. ५ गिगाहर्ट्झचे जाळे त्यांना दिसतही नाही. या घरच्या राऊटरवर दोन्ही बँडना एकच नाव होते. बल्ब जोडताना मोबाइल योगायोगाने २.४ वर होता, प्लगच्या वेळी राऊटरजवळ आल्याने तो ५ वर गेला. प्लगला माहिती पोहोचवण्याच्या काही पद्धतींमध्ये मोबाइलही २.४ वरच असावा लागतो.

राऊटरच्या सेटिंगमध्ये ५ गिगाहर्ट्झ दहा मिनिटांपुरते बंद केल्यावर प्लग पहिल्याच प्रयत्नात जोडला गेला. नंतर ते पुन्हा चालू केले, तरी प्लग २.४ वर टिकून राहिला. एवढे करूनही अडकलेच, तर सुरक्षेचा प्रकार पाहावा. तिथे फक्त WPA3 निवडलेले असेल तर जुनी उपकरणे आत येऊ शकत नाहीत. WPA2 किंवा दोन्हींचा मिश्र पर्याय ठेवावा लागतो.

ज्या घरात अशी पंधरा-वीस उपकरणे आहेत, तिथे एकेक रीसेट करत बसण्यापेक्षा राऊटरला जुनेच नाव आणि जुनाच पासवर्ड परत दिला की सगळी आपसूक जोडली जातात. ठाण्यातल्या घराला हा मार्ग नव्हता, कारण जुना पासवर्ड बाहेर पसरला होता.