समान वार्षिक हप्ते: गैरसमज आणि वस्तुस्थिती

स्पर्धा परीक्षांच्या अंकगणितात वारंवार विचारला जाणारा आणि एरवी गणितात तरबेज असलेल्या उमेदवारांनाही चकवणारा एक प्रश्न असा: ३३,१०० रुपयांचे कर्ज द.सा.द.शे. १० दराच्या चक्रवाढ व्याजाने घेतले असून, ते प्रत्येक वर्षाच्या अखेरीस द्यावयाच्या तीन समान हप्त्यांत बेबाक करावयाचे आहे, तर प्रत्येक हप्ता किती रुपयांचा?

पहिला आणि सर्वांत रूढ गैरसमज असा, की तीन वर्षांची रास काढावी आणि तिला तीनने भागावे. त्या हिशेबाने रास ४४,०५६.१० रुपये होते आणि हप्ता सुमारे १४,६८५ रुपयांचा येतो. उत्तराच्या चार पर्यायांत हा आकडाही असला, तर उमेदवार निःशंक मनाने त्यावरच खूण करतो. वस्तुस्थिती अशी, की ही रास तीन वर्षांत एक छदामही न फेडणाऱ्या ऋणकोची आहे. आपला ऋणको पहिल्याच वर्षाच्या अखेरीस रक्कम जमा करतो आणि जी रक्कम धनकोच्या हाती पोहोचली, तिच्यावर पुढे व्याज आकारण्याचा त्याला अधिकार उरत नाही. म्हणूनच निरनिराळ्या तारखांना दिलेले रुपये एकाच तारखेच्या मोलाचे केल्यावाचून त्यांची बेरीज करता येत नाही, आणि या प्रश्नाची सारी मेख येथेच आहे.

कर्ज आजचे आहे, तेव्हा हप्त्यांचे मोलही आजचेच काढू. दहा टक्क्यांनी आजचे १० रुपये वर्षाने ११ होतात. म्हणजे वर्षाअखेरच्या हप्त्याचे आजचे मोल त्याच्या १०/११, दोन वर्षांनंतरच्या हप्त्याचे १००/१२१ आणि तीन वर्षांनंतरच्या हप्त्याचे १०००/१३३१. परीक्षेत अपूर्णांकांशी झुंजत न बसता हप्ता १३३१ मानावा. मग त्या तीन हप्त्यांची आजची मोले अनुक्रमे १२१०, ११०० आणि १००० होतात व त्यांची बेरीज ३३१० भरते. ३३१० च्या कर्जास १३३१ चा हप्ता, तर त्याच्या दसपट असलेल्या ३३,१०० च्या कर्जास १३,३१० रुपयांचा. दर ५ टक्के असता गुणोत्तर २०/२१ घ्यावे, २० टक्के असता ५/६, रीत तीच.

हे उत्तर खरे की खोटे, याचा निर्णय ज्याचा त्याला खतावणी मांडून करता येतो. पहिल्या वर्षाअखेर व्याज ३,३१० धरून देणे ३६,४१० होते आणि हप्ता वजा जाता बाकी २३,१०० राहते. दुसऱ्या वर्षाचे व्याज २,३१० मिळवून व हप्ता वळता करून बाकी १२,१०० उरते. तिसऱ्या वर्षी तिच्यावर १,२१० व्याज चढून देणे नेमके १३,३१० होते आणि शेवटच्या हप्त्याने खाते शून्यावर येते. एकूण व्याज पडले ६,८३०. रास भागणाऱ्याने मात्र १०,९५६ रुपयांहून अधिक व्याज ऋणकोच्या माथी मारले होते.

याच खतावणीतून दुसरा गैरसमजही निकालात निघतो. हप्ता समान म्हणजे त्यातील मुद्दलाचा भागही दरवर्षी समान, असे समजून काहीजण ३३,१०० ला तीनने भागतात आणि त्यात व्याज मिळवू पाहतात. परंतु मुद्दल येथे १०,०००, मग ११,००० आणि शेवटी १२,१०० असे फिटते, आणि तेही दरवर्षी नेमके दहा टक्क्यांनी वाढत. बाकी उतरते तसे व्याज घटते, आणि हप्ता कायम असल्यामुळे व्याजाने मोकळी केलेली जागा मुद्दल घेते. मुद्दल समान ठेवावे तर हप्ते असमान होतील, आणि प्रश्नाची अटच मोडेल.

तिसरा गैरसमज गणितापेक्षा वाचनाचा आहे, आणि माझ्या मते तोच अधिक घातक, कारण त्यात रीत बिनचूक असूनही गुण जातो. '३३,१०० रुपयांचे कर्ज घेतले' आणि 'तीन वर्षांनी देय असलेले ३३,१०० रुपयांचे ऋण' ही विधाने समानार्थी नव्हेत. दुसऱ्या विधानातील रक्कम मुदतीअखेरची असल्यामुळे हप्तेही त्या तारखेपर्यंत पुढे न्यावे लागतात: पहिला हप्ता दोन वर्षे वाढून १.२१ पट होतो, दुसरा १.१ पट, तिसरा आहे तसाच. बेरीज ३.३१ पट, म्हणून हप्ता १०,००० रुपये. तोच आकडा, तोच दर, तीच मुदत, आणि तरीही हप्त्यात ३,३१० रुपयांचे अंतर! 'पहिला हप्ता कर्ज घेतानाच द्यावयाचा' असे शब्द आले, तर आजच्या ३३,१०० च्या कर्जास हप्ता १२,१०० चा लागतो, कारण प्रत्येक भरणा एकेक वर्ष अलीकडे सरकतो आणि १३,३१० ला १.१ ने भागावे लागते.