घरखर्चाच्या ॲपचं बारसं

भाचीचा फोन आला तो रात्री साडेदहाला. "मावशी, तू इतकी वर्षं जाहिरातीत काढलीस, एक नाव सुचव ना." ॲप तिने आणि तिच्या मैत्रिणीने मिळून बनवलं होतं. दूधवाला, भाजी, किराणा, मुलांची फी, सिलिंडर, सगळं रोजच्या रोज लिहायचं आणि महिनाअखेर किती उरलं ते बघायचं. काम पूर्ण झालं होतं, फक्त नाव नव्हतं. तोवर त्या दोघी त्याला 'ते आपलं' म्हणत होत्या.

मी म्हटलं, "जमाखर्च ठेव की. आजोबांच्या वहीवर तेच लिहिलेलं असायचं."

"तेच ठेवलं असतं," ती म्हणाली, "पण मग शोधणाऱ्याला आमचं कुठलं ते कसं कळणार?"

प्ले स्टोअरवर एकाच नावाची कितीही ॲप असू शकतात. गूगल तिथे नावाची मक्तेदारी कोणाला देत नाही. ॲपलच्या दुकानात मात्र दुसऱ्याने घेतलेलं नाव हुबेहूब तसंच घेता येत नाही. म्हणून नुसतं 'एक्स्पेन्स मॅनेजर' असं काही शोधलं की एकाच घराण्यातली वाटावीत अशी ॲप रांगेने उभी राहतात. नाव इतकं स्पष्ट की ते कोणाचंच नाही. कायद्याचंही हेच म्हणणं आहे. आपल्या 1999च्या ट्रेडमार्क कायद्याचं नववं कलम सांगतं की मालाचं नुसतं वर्णन करणारा शब्द सहसा कोणा एकाच्या नावावर नोंदवता येत नाही. 'घरखर्च' हा शब्द सगळ्या मराठी घरांचा आहे, तो एकटीला मिळणार नाही.

मग उलट टोकाला जावं? 'मिंट'चं उदाहरण सगळेच देतात. अमेरिकेतलं हे हिशोबाचं संकेतस्थळ 2007मध्ये सुरू झालं, दोन वर्षांत इंट्युइट कंपनीने ते 17 कोटी डॉलरला घेतलं आणि 2024मध्ये बंद केलं. नाव चार अक्षरांचं, ताजं, टांकसाळीचा अर्थ पोटात घेऊन आलेलं, आणि mint.com हा पत्ताही जवळ. पण 'मिंट' ऐकून पुदिना आठवण्याऐवजी पैसे आठवायला आधी लोकांच्या कानावर ते पुष्कळ पडावं लागतं. दोन मुलींकडे तेवढा जाहिरातखर्च कुठला? शिवाय असे सुटे इंग्रजी शब्द .com मध्ये केव्हाच संपलेत. budget.com वर गेलात तर भाड्याची मोटार मिळते.

या धंद्यातली तीन नामांतरं मला फार बोलकी वाटतात. 'स्प्लिटवाइज' आधी 'स्प्लिटदरेंट' होतं, म्हणजे भाडं वाटून घ्या. नाव स्वच्छ, पण मित्र सहलीचा खर्चही वाटून घेतात, आणि नाव भाड्याच्या खोलीतच अडकलेलं. 'गुडबजेट'चं पहिलं नाव EEBA. ती चार इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं होती, आणि ज्याला ते शब्द माहीत नाहीत त्याला ती चार अक्षरं काहीच सांगत नाहीत. 'यू नीड अ बजेट' हे तर आख्खं वाक्यच. त्यांचा पत्ता कित्येक वर्षं youneedabudget.com असा मालगाडीसारखा होता. वापरणारे मात्र तोंडाने 'वायनॅब' म्हणू लागले आणि शेवटी कंपनी ynab.com वर आली. लघुरूप एकीकडे बुडालं आणि दुसरीकडे तरलं ते याच कारणाने: दुसऱ्या ठिकाणी ते लोकांनीच पाडलं होतं.

भाचीची खरी अडचण वेगळी होती, आणि ती इंग्रजी पुस्तकांत सापडत नाही. नाव मराठी हवं होतं, पण लोक ते रोमन अक्षरांत टाइप करणार. मी तिला एक जुनी चाचणी सांगितली. पाच जणांना फोन कर, नाव एकदाच सांग, आणि म्हण, "हे शोधायचं तर काय टाइप कराल? तेवढंच मला पाठवा." स्पेलिंग सांगायचं नाही.

पहिलं नाव 'हिशोब'. उत्तरं आली hishob, hishob, hisheb, hisob आणि hishoba. मराठीतच हिशोब आणि हिशेब अशी दोन रूपं, वर हिंदीतल्या 'हिसाब'ची छाया. म्हणजे पाचातले तीन जण दुसऱ्याच दारात जाणार. 'बटवा' मला मनापासून आवडला होता. तिथे batwa आणि batva असे सरळ दोन तट पडले आणि एकाने हिंदी वळणाने batua लिहिलं. 'शिल्लक' हा सुंदर शब्द, महिनाअखेरीचा सगळा जीव त्यात आहे. पण l एक की दोन यावर घोडं अडलं. 'डबा' स्पेलिंगसाठी वाईट नव्हता, आणि तांदळाच्या डब्यात नोटा ठेवणाऱ्या बायका आम्ही दोघींनीही पाहिल्या आहेत, पण मोबाइलवर डबा म्हटलं की माणसाला भूक लागते.

मराठी शब्द निवडताना काही अक्षरं आधीच संशयित धरावीत. 'व' म्हटला की v आणि w. जोडाक्षर म्हटलं की एक की दोन. शेवटी अकार आला की कोणीतरी a लावतोच. 'ळ'ला रोमनमध्ये जागाच नाही, पण त्याचा एक फायदा आहे: सगळे जण मुकाट्याने l लिहितात.

तिसऱ्या दिवशी तिच्या मैत्रिणीने 'रोजमेळ' काढला. दुकानातल्या रोजच्या रोकडीच्या वहीला रोजमेळ म्हणतात, गुजराती पेढीवरही हाच शब्द. पाचपैकी चौघांनी rojmel लिहिलं. पण तिशीतल्या तिघांना अर्थच ठाऊक नव्हता, आणि ज्यांना ठाऊक होता त्यांना दुकान आठवलं, स्वयंपाकघर नाही. तेव्हा भाचीने अर्धा शब्द ठेवला आणि अर्धा बदलला. घरमेळ.

हा शब्द कोशात नाही, आणि तेच त्याचं बळ. 'घर' लगेच कळतं, 'मेळ बसणे' सगळ्यांना माहीत आहे, आणि बनवलेला शब्द असल्यामुळे तो नुसता वर्णन करत नाही, सुचवतो. नोंदणीसाठी अशी नावं बरी पडतात. चाचणीत चौघांनी gharmel लिहिलं. पाचवा बेंगळुरूत नोकरी करणारा भाऊ. त्याने पाठवलं gharmail, आणि खाली विचारलं, "टपालाचं ॲप आहे का?"

हा दोष खरा आहे आणि तो झाकण्यात अर्थ नाही. पण त्याचं औषध नाव बदलण्यात नव्हतं. तिथवर आम्ही दोघी एकच चूक करत होतो. दुकानातला शोध, पडद्यावरचं चिन्ह आणि इंटरनेटचा पत्ता, अशी तीन कामं एकाच शब्दाच्या डोक्यावर लादत होतो. प्रत्यक्षात या तिन्ही ठिकाणी वेगवेगळं लिहिता येतं.

दुकानातल्या नावाला दोन्हीकडे 30 अक्षरांची मर्यादा आहे. ॲपलने ती 2017मध्ये घातली, गूगलने 2021मध्ये, आणि तेव्हाच गूगलने नावात 'फ्री', 'नंबर वन' असलं लिहायलाही बंदी केली. या 30 अक्षरांत आधी नाव आणि पुढे काम लिहायचं. Gharmel: Household Expense Tracker लिहून पाहिलं तर 34 अक्षरं झाली. Household काढून टाकलं, कारण 'घर' नावातच आहे. उरली 24. मराठीत Gharmel: घरखर्च हिशोब. इथे एक गंमत आहे. संगणक मात्रा, वेलांटी, पाय मोडल्याची खूण ही सगळी वेगळी मोजतो. 'जमाखर्च' डोळ्यांना चार अक्षरी दिसतो, मोजणीत तो सात होतो. तरी आमचं 21 मध्ये बसलं. स्पष्टतेचं ओझं या दुसऱ्या तुकड्याने उचललं आणि टपालाचा गोंधळही तिथेच मिटला.

चिन्हाखालचं नाव वेगळं असतं. तिथे फोनप्रमाणे दहा-बारा अक्षरं मावतात, पुढे तीन टिंबं येतात. त्या जागी नुसतं 'घरमेळ'. दुकानातलं लांब नाव जसंच्या तसं तिथे लावून 'मासिक घरगु...' करून ठेवलेली ॲप मी पाहिली आहेत.

राहिला पत्ता. नाव ठरायच्या आधी पत्ता शोधायला बसलं की माणूस जे रिकामं आहे त्याच्या प्रेमात पडतो आणि अक्षरं गाळून काहीतरी भलतंच घेऊन येतो. gharml असं काही मिळालं तरी ते फोनवर कोणाला सांगणार? त्यापेक्षा नाव शाबूत ठेवावं आणि शेपटी बदलावी. .com नसेल तर .in, किंवा 2018मध्ये सगळ्यांना खुलं झालेलं .app, किंवा .com हवंच असेल तर नावाला एखादा साधा शब्द जोडावा. देवनागरीत .भारत हा पत्ताही मिळतो, मराठी नावासकट. पण यंत्राच्या पोटात .भारत हा xn--h2brj9c असतो आणि काही ठिकाणी चिकटवला की तसाच दिसतो. दुसरा दरवाजा म्हणून तो ठीक.

पत्त्याचं वार्षिक भाडं साधारण हजाराच्या आसपास असतं. पहिल्या वर्षाची सवलत बघून भुलू नये, नूतनीकरणाचा दर आधी वाचावा. कोणी आधीच घेऊन 'विकणे आहे' अशी पाटी लावली असेल तर मी तिथून सरळ निघून येते. ॲप कोणी वापरेल की नाही हेच ठाऊक नसताना पाटीवाल्याला पैसे कशाला?

त्याआधी एक काम मात्र करावंच. सरकारच्या ट्रेडमार्क शोधात नववा वर्ग, म्हणजे सॉफ्टवेअरचा, निवडायचा आणि उच्चाराने जुळणारी नावंही बघायची. स्पेलिंग वेगळं असलं तरी कानाला सारखं लागलं तर हरकत येऊ शकते. पत्ता आपल्या ताब्यात आहे म्हणजे नाव आपलं झालं असं नाही. पत्त्यालाही चिन्हासारखं संरक्षण मिळू शकतं हे सर्वोच्च न्यायालयाने 2004मध्ये सत्यम इन्फोवे खटल्यात मान्य केलं, पण त्याचा लाभ आधीपासून ते नाव चालवणाऱ्याला.

प्ले स्टोअरवर चढवताना आणखी एक नाव द्यावं लागतं, ते गिऱ्हाइकाला सहसा दिसत नाही. पत्ता उलटा लिहून ते बनवतात, com.gharmel.app असं. बाकी सगळं पुढे बदलता येतं, हे एकदा प्रसिद्ध झालं की कधीच नाही. भाचीने तिथे घाईत 'तेआपलं'चं रोमन टाकून ठेवलं होतं. चढवायच्या आदल्या रात्री मैत्रिणीच्या लक्षात आलं.

परवा माझ्या बहिणीने, म्हणजे भाचीच्या आईने, फोनला तोंडाने सांगितलं, "घरमेळ". फोनने लिहिलं 'घर मेल'. भाचीने वही काढली आणि दुकानातल्या वर्णनात घालायच्या शब्दांच्या यादीत तेही लिहून ठेवलं.