हयातीच्या दाखल्याची पोच आणि २४० रुपये

महिना संपला, पासबुक भरून आणलं आणि पेन्शनची नोंदच नाही, की बँकेला जाणारा पहिला अर्ज बहुधा असा असतो: ‘मी ज्येष्ठ नागरिक असून माझे फार हाल होत आहेत, तरी लक्ष घालावे.’ हाल खरेच असतात. पण कोणाची पेन्शन, कोणत्या महिन्याची आणि कशामुळे अडली, हे त्या कागदावर कुठेच नसतं.

समजा, टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या एका बाईंना दरमहा ३६,५०० रुपये पेन्शन आहे. १२ नोव्हेंबरला त्यांनी शाखेत हयातीचा दाखला दिला. नोव्हेंबरची पेन्शन आली, डिसेंबरची आली नाही. शाखेत दिलेला कागद संगणकात चढलाच नव्हता. पेन्शन काढतं ते बँकेचं केंद्रीय पेन्शन केंद्र. तिथे दाखला दिसला नाही की पेन्शन थांबते. मग काउंटरवरचा माणूस ‘वरून आली नाही’ म्हणतो, आणि तेही खोटं नसतं.

बाईंनी २ जानेवारीला पाचच ओळी लिहिल्या: पीपीओ क्रमांक, खाते क्रमांक, ‘डिसेंबरची पेन्शन जमा नाही’, ‘दाखला १२ नोव्हेंबरला दिला, पोचेची प्रत सोबत’, आणि ‘विलंबाच्या व्याजासह रक्कम जमा करावी’. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख घेतली. खरं वजन त्या पोचेचं. दाखल्याची सही केलेली पोच देणं शाखेवर बंधनकारक आहे, पण ती मागितल्याशिवाय सहसा मिळत नाही. आणि दाखला दिलाच नसेल, तर विलंबाचं खापर बँकेवर फुटत नाही.

शेवटची ओळ बहुतेकांना ठाऊक नसते. सरकारी पेन्शन वाटणाऱ्या बँकेकडून उशीर झाला, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार वार्षिक ८ टक्के दराने भरपाई द्यावी लागते, तीही न मागता, पेन्शन जमा होईल त्याच दिवशी. बाईंची पेन्शन ३१ डिसेंबरऐवजी ३० जानेवारीला आली. दिवसाला ८ रुपये, ३० दिवसांचे २४०. रक्कम किरकोळ, पण ती पासबुकात दिसली म्हणजे बँकेने चूक कबूल केली.

अर्ज करण्याआधी कॅलेंडर पाहावं. पेन्शन महिन्याच्या शेवटच्या चार कामकाजाच्या दिवसांत येते. मार्चची मात्र एप्रिलच्या पहिल्या कामकाजाच्या दिवशी किंवा त्यानंतर. त्यामुळे ३१ मार्चला खातं रिकामं दिसलं तरी तो उशीर नव्हे. महाराष्ट्र शासनाच्या निवृत्तांची पेन्शन कोषागार काढतं. तिथून रक्कमच निघाली नसेल, तर अर्जही कोषागारालाच करायचा.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. त्यासाठी शुल्क नाही. हे ३० दिवस मोजायचे ते अर्जाच्या पोचेवरच्या तारखेपासून.