मोठ्या पायाचं माप, लहान पायाला आधार

बुटांच्या दुकानात विक्रेता खोक्यातून बहुधा एकच बूट काढून हातात देतो. आपण तो एका पायात घालतो, पुढून बोटाने दाबून बघतो आणि पैसे देऊन मोकळे होतो. घातलेला पाय लहान निघाला, तर दुसऱ्या पायाची फरफट तिथूनच सुरू होते. दोन्ही पावलं तंतोतंत सारखी असलेली माणसं थोडीच. दोन-तीन मिलिमीटरचा फरक जाणवत नाही, पण पाच-सात मिलिमीटरचा नक्की जाणवतो.

म्हणून आधी घरी माप घ्यावं, तेही संध्याकाळी, कारण दिवसभराच्या उभं राहण्या-चालण्याने पावलं थोडी सुजतात. जमिनीवर कागद ठेवून टाच भिंतीला टेकवा, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहा आणि सर्वांत लांब बोटापुढे दुसऱ्या कुणाला तरी खूण करायला सांगा. स्वतः वाकलात तर भार हलतो आणि माप चुकतं. लांब बोट अंगठाच असेल असंही नाही, अनेकांचं दुसरं बोट पुढे असतं.

समजा, उजवं पाऊल २५.१ सेंटिमीटर भरलं आणि डावं २५.८. फरक सात मिलिमीटरचा. आपल्याकडे सर्रास चालणाऱ्या ब्रिटिश मापात एक नंबर म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर. सहा नंबरचा बूट आतून अंदाजे २६.२ सेंटिमीटर आणि सात नंबरचा २७.१ सेंटिमीटर धरू. कंपनीगणिक यात थोडा फरक पडतो. चालताना पाऊल पुढे सरकतं, त्यामुळे बोटांपुढे निदान एक सेंटिमीटर मोकळं हवं. सहा नंबर उजव्या पायात छान बसतो, पण डाव्यापुढे जेमतेम चार मिलिमीटर उरतात. जिना उतरताना नख पुढे आपटतं, काही दिवसांनी काळं पडतं. म्हणून घ्यायचा तो सातच. आखूड बूट वापरून सैल होईल, ही आशा सोडून द्यावी. चामडं ताणून रुंदीला थोडं वाढतं, लांबीला जवळजवळ नाहीच.

आता उजवा बूट ढिला झाला. इथे बहुतेक जण टोकाला कापूस कोंबतात. माझ्या मते हा सर्वांत निरुपयोगी उपाय, कारण बोटांपुढची जास्तीची जागा त्रास देतच नाही. त्रास होतो पाऊल आत सरकतं याचा. टाच उचलली जाते, घासते, फोड येतो आणि बूट निसटू नये म्हणून आपण नकळत बोटं आवळून चालतो. म्हणजे भर घालायची ती पाऊल मागे धरून ठेवेल अशा जागी.

नाडीचा बूट असेल तर शेवटच्या भोकांपर्यंत ओवून घोट्यापाशी घट्ट बांधा. कित्येकदा एवढ्यानेच काम होतं. नाही झालं, तर बुटाच्या जिभेच्या आतल्या बाजूला फेल्टची किंवा फोमची पट्टी चिकटवा. ती पावलाला वरून दाबून टाचेकडे ढकलते. तरीही पाऊल आत हलत असेल तर पातळ सुखतळा घाला, दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड नको. जाड सुखतळ्याने टाच वर येते, बुटाच्या काठावरून निसटू लागते आणि एक पाय दुसऱ्यापेक्षा उंच होतो. टाचेमागची गादी शेवटी. ती पाऊल पुढे ढकलते. उजव्या बुटात पुढे जागा आहे म्हणून चालते, डाव्या बुटात मात्र ती मुळीच लावू नये. नाडी नसलेल्या पंप्ससारख्या बुटात पाऊल पुढे घसरतं, तिथे फक्त चवड्याखाली अर्धा सुखतळा लावावा.

जमलं की नाही, हे दोन्ही बूट घालून उतारावर किंवा जिन्यावर दहा मिनिटं चालल्यावर कळतं. बूट जिथे वाकतो ती घडी अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यावर यायला हवी. बूट काढल्यावर कुठे लाल वळ उठला असेल तर तिथली पट्टी जाड झाली आहे, असं समजून ती पातळ करा. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्यांना हा दाब जाणवतच नाही. त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बुटात काहीही घालू नये.

ही सगळी युक्ती साधारण एका नंबरापर्यंतच्या फरकाला पुरते. पोलिओमुळे किंवा जन्मतःच पावलांत त्याहून मोठा फरक असेल, तर वेगवेगळ्या नंबरांचे दोन जोड घ्यावेत किंवा कारागिराकडून दोन्ही पायांच्या मापाने बूट बनवून घ्यावेत. आणि एकच पाऊल अचानक सुजून मोठं वाटू लागलं, तर दुकानाऐवजी आधी दवाखान्यात जा.